हँडीकॅमचं चित्र कॅप्चर कार्डावर ब्लॅक अँड व्हाइट येतंय? आधी एस-व्हिडिओच्या पिना बघा

जुन्या हाय-एट आणि एस-व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. घरच्यांच्या कॅसेटींपासून सुरुवात झाली, मग ओळखीच्यांच्या यायला लागल्या. या कामात एक तक्रार इतक्यांदा येते की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं कळतं: "चित्र येतंय, पण रंग नाही. कार्ड खराब असेल का?" कार्ड क्वचितच खराब असतं. बहुतेक वेळा चार पिनांच्या त्या छोट्या गोल प्लगमध्ये काहीतरी वाकलेलं, मागे सरकलेलं किंवा तुटलेलं असतं, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये इनपुट चुकीचं निवडलेलं असतं. म्हणून नवं कार्ड मागवण्याआधी हे सगळं याच क्रमाने करा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

चित्र नीट, स्थिर आणि रेखीव आहे, पण रंग अजिबात नाही. हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण.

चित्रच नाही. निळा किंवा काळा पडदा, "No Signal", किंवा काळ्यावर मधूनच रंगाचे धब्बे. आवाज मात्र व्यवस्थित ऐकू येतो.

रंग आहे, पण सगळ्या चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी पसरलेली आहे. लाल साडी किंवा गडद निळ्या शर्टावर ती ठळक दिसते आणि कडांवरून सरकल्यासारखी वाटते.

रंग येतो-जातो. केबलला हात लागला की येतो, सोडली की जातो. किंवा रंग आहे पण त्यात मुंग्या आहेत, चेहऱ्यावर हिरवे-जांभळे फराटे मारल्यासारखे.

चित्रात वरून खाली हळूहळू सरकणारा फिकट पट्टा आहे, सोबत आवाजात घरघर.

आवाज येत नसेल तर तो या पोस्टचा विषय नाही. एस-व्हिडिओमधून आवाज जातच नाही. लाल आणि पांढरी आरसीए वायर वेगळी लावावी लागते. पिवळी लावायची नाही, एवढंच.

पिनांचं काम समजलं की लक्षण वाचता येतं

एस-व्हिडिओत चित्र दोन भागांत जातं. एका पिनेवरून प्रकाशाचा भाग जातो, त्याला वाय म्हणतात. चित्राचा सगळा तपशील आणि ते जागेवर ठेवणारे सिंकचे ठोके यातच असतात. दुसऱ्या पिनेवरून फक्त रंग जातो, तो सी. उरलेल्या दोन पिना म्हणजे या दोघांचे ग्राउंड. क्रमांकाने सांगायचं तर १ म्हणजे वायचं ग्राउंड, २ म्हणजे सीचं ग्राउंड, ३ म्हणजे वाय आणि ४ म्हणजे सी. १ आणि २ प्लगच्या एका बाजूला शेजारी-शेजारी असतात, ३ आणि ४ दुसऱ्या बाजूला.

पिवळ्या कॉम्पोझिट वायरमध्ये हे सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि कार्डाला ते पुन्हा वेगळं करावं लागतं. एस-व्हिडिओत ती भानगड नसल्यामुळे चित्र स्वच्छ येतं, आणि बिघाडही अर्धा-अर्धा होऊ शकतो. सीची पिन गेली तर कार्डाला रंगाचा संदर्भ मिळत नाही, ते रंग बंद करून टाकतं आणि सुंदर ब्लॅक अँड व्हाइट चित्र दाखवतं. वायची पिन गेली तर सिंकच गेला, मग रंग पोचत असला तरी तो कुठे ठेवायचा हे कार्डाला कळत नाही. ३ आणि ४ एकमेकींना टेकल्या तर दोन्ही सिग्नल एकत्र होतात. एस-व्हिडिओ इनपुटवर कार्ड ते वेगळे करायच्या तयारीत नसतं, म्हणून ठिपक्यांची जाळी दिसते.

ग्राउंडची पिन गेली की मात्र फसायला होतं. प्लगचा धातूचा घेर, दुसरी ग्राउंड पिन, आणि सोबत लावलेल्या ऑडिओ वायरचं ग्राउंड, यांपैकी कुठूनतरी वाट मिळते आणि चित्र बऱ्यापैकी चालू राहतं. म्हणून तपासताना ऑडिओच्या वायरी काढून ठेवा. त्या काढल्याबरोबर चित्र बिघडलं, तर ग्राउंडच्या पिनेवर संशय घ्यायला जागा आहे.

पहिली तपासणी: सॉफ्टवेअरमधलं इनपुट आणि स्टँडर्ड

फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि नेमकी हीच लोक वगळतात. यूएसबी कॅप्चर कार्डांना बहुधा पिवळं कॉम्पोझिट आणि एस-व्हिडिओ अशी दोन्ही सॉकेट असतात, आणि कुठलं वाचायचं ते सॉफ्टवेअरमधून सांगावं लागतं. प्लग लावला म्हणून कार्ड आपोआप तिकडे वळत नाही. काही कार्डांत कॉम्पोझिट आणि एस-व्हिडिओचा वाय आतून एकाच ठिकाणी जातात. अशा कार्डावर इनपुट Composite राहिलं असेल आणि वायर एस-व्हिडिओची असेल, तर दिसतं काय? रेखीव, स्थिर, बिनरंगाचं चित्र. पिन तुटल्यावर दिसतं तेच, हुबेहूब.

OBS मध्ये Video Capture Device च्या प्रॉपर्टीजमध्ये Configure Crossbar असतं, तिथे S-Video निवडा. VirtualDub च्या कॅप्चर मोडमध्ये Video मेनूत Video Source आहे. लिनक्सवर असाल तर आधी कार्डाची इनपुटं विचारून घ्या आणि एस-व्हिडिओचा जो क्रमांक दिसेल तो द्या:

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-inputs
v4l2-ctl -d /dev/video0 --set-input=1
v4l2-ctl -d /dev/video0 --set-standard=pal
```

तिसरी ओळ स्टँडर्डची. भारतात आणि आखातात घेतलेले कॅमेरे पाल असतात, अमेरिकेहून आलेले एनटीएससी. कार्ड एकावर आणि कॅमेरा दुसऱ्यावर असेल तर चित्र पळतं, फाटतं किंवा रंग जातो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण एक फसवी जागा सांगून ठेवतो. आपल्याकडच्या किंवा दुबई-मस्कतहून आणलेल्या अनेक व्हीसीआरवर "NTSC Playback on PAL TV" अशी सोय असते. मुलगा अमेरिकेहून कॅसेट पाठवायचा आणि ती इथल्या टीव्हीवर दिसायची, ती या सोयीमुळे. असा व्हीसीआर एनटीएससी कॅसेट लावल्यावर धड पालही देत नाही आणि धड एनटीएससीही नाही. ओळी आणि वेग एनटीएससीचे, रंगाची पद्धत पालची. कार्ड एनटीएससीवर ठेवलं की चित्र ठणठणीत उभं राहतं पण रंग नाही, आणि माणूस पिना तपासत बसतो. स्टँडर्डच्या यादीत PAL_60 असेल तर ते निवडा, लिनक्सवर `--set-standard=pal-60`. यादीत ते नसेल तर ती कॅसेट त्या व्हीसीआर-कार्डाच्या जोडीवर रंगीत उतरणार नाही. अस्सल एनटीएससी देणारा व्हीसीआर शोधायला हवा.

दुसरी तपासणी: पिवळी वायर लावून बघा

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर रंग दिसतोय का, ते आधी बघा. तिथेच नसेल तर दोष कॅसेटचा किंवा कॅमेऱ्याचा, केबलला हात लावायची गरज नाही. तिथे रंग असेल तर त्याच कॅमेऱ्याचं पिवळं आउटपुट कार्डाच्या पिवळ्या सॉकेटला जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये Composite निवडा. रंग आला, तर कॅसेट, कॅमेऱ्याचं बरंचसं सर्किट आणि कार्डाचा बराचसा भाग ठीक आहे. दोष एस-व्हिडिओच्या वाटेवरच आहे. पाच मिनिटांत अर्धा शोध संपतो.

इथे एका अडॅप्टरची गोष्ट करायला हवी. साध्या व्हीएचएस व्हीसीआरला एस-व्हिडिओचं सॉकेट नसतं. मग कोणीतरी पिवळ्या आरसीएचं एस-व्हिडिओ करणारं छोटं अडॅप्टर विकत घेतं, आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतं. त्या अडॅप्टरमध्ये बहुधा कॉम्पोझिट थेट वायच्या पिनेला जोडलेलं असतं आणि सीची पिन रिकामी असते. केबल, पिना, कार्ड सगळं शाबूत असलं तरी त्यातून रंग मिळणार नाही. व्हीसीआरला फक्त पिवळं आउटपुट असेल तर पिवळं इनपुटच वापरा.

आणि कॅमेरा डिजिटल-एट किंवा मिनी-डीव्ही असेल तर या सगळ्या खटाटोपाआधी त्याला फायरवायर आहे का ते बघा, सोनीवर त्याला i.LINK लिहिलेलं असतं. डिजिटल कॅसेट तिथून जशीच्या तशी उतरते, एस-व्हिडिओची गरजच पडत नाही. सोनीचे काही डिजिटल-एट कॅमेरे जुन्या हाय-एट कॅसेटीही फायरवायरवरून देतात.

तिसरी तपासणी: डोळ्यांनी पिना बघा, आणि बाजूनेही बघा

कॅमेरा आणि कार्ड बंद करा, केबलची दोन्ही टोकं काढा. मोबाइलचा टॉर्च आणि साधं भिंग पुरे. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून बघितला तरी चालतं. साठीच्या पुढच्यांना मी तेच सांगतो.

बरं हे की साध्या केबलमध्ये पिना केबलच्या टोकाला असतात आणि सॉकेटमध्ये भोकं. म्हणजे वाकते ती बहुतेक वेळा स्वस्त वस्तू, कॅमेरा वाचतो. पिना वाकतात कारण प्लग गोल आहे. तो कुठल्याही कोनात सॉकेटच्या तोंडाशी बसतो आणि आत जाईल असं वाटतं. खरं तर आत प्लास्टिकची एक चौकोनी जीभ असते आणि ती सॉकेटच्या खाचेसमोर आली तरच तो जायला हवा. लोक कॅमेऱ्याच्या मागे हात घालून, न बघता, दाबत-दाबत फिरवतात. दाबणं आणि फिरवणं एकत्र झालं की पिन आडवी झालीच. दुसरं कारण म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्ड-माउसचं पीएस-टू सॉकेट. ते त्याच घेराचं पण सहा पिनांचं असतं, आणि टेबलाखाली अंधारात ते एस-व्हिडिओसारखंच लागतं. जुन्या लॅपटॉपला किंवा ग्राफिक्स कार्डाला सात पिनांचं सॉकेट दिसलं तर त्यात चार पिनांचा प्लग जातो. उलट मात्र सात पिनांचा प्लग चार भोकांच्या सॉकेटमध्ये जात नाही. आणि लॅपटॉपचं ते सॉकेट बहुतेक वेळा आउटपुट असतं, त्यातून कॅप्चर होत नाही.

बघताना चार गोष्टी शोधा. पिन तिरकी आहे का. पिन पार आडवी होऊन घेराला किंवा शेजारणीला टेकली आहे का. पिन मुळातच नाही का. आणि चौथी, जी समोरून बघून कधीच दिसत नाही: पिन सरळ आहे पण मागे सरकली आहे. प्लग डोळ्यांच्या रेषेत आडवा धरा आणि चारही टोकं एका उंचीवर आहेत का ते बघा. एक पिन इतरांपेक्षा मिलीमीटरभर खाली असेल तर प्लास्टिकने तिला सोडलंय. ती सॉकेटमधल्या पात्याला पोचत नाही किंवा जेमतेम टेकते.

सॉकेटच्या भोकांतही टॉर्च मारा. एखाद्या भोकात काही चमकत असेल आणि केबलची एक पिन गायब असेल, तर तुटलेला तुकडा आत अडकलाय. तिथेच थांबा. चिमट्याने, सुईने, फेविक्विक लावलेल्या काडीने, कशानेही प्रयत्न करू नका. तुकडा आत गेला किंवा गोंद पात्यावर पसरला की सॉकेट बदलण्याशिवाय उपाय राहत नाही. तो कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

चौथी तपासणी: वाकलेली पिन सरळ करणं

पिन जेमतेम एक मिलीमीटर जाड असते. ती मऊ असल्यामुळे सरळ होते, आणि मऊ असल्यामुळेच पुन्हापुन्हा केलं तर तुटते. पहिल्यांदा वाकलेली पिन सरळ केली तर बहुधा टिकते. तीच पिन दुसऱ्यांदा वाकली तर केबल बदललेली बरी.

पकडीने पिन धरून ओढायची सवय मोडा. पकड पिनेला मधोमध धरते, मुळाशी वाक तसाच राहतो आणि वर दुसरा वाक तयार होतो. मग पिन इंग्रजी एससारखी होते आणि ती कधीच नीट बसत नाही. पिनेवर बाहेरून सरकणारी बारीक नळी हवी. मेडिकलच्या दुकानात मिळणारी १६ गेजची सुई चांगली चालते, तिचं आतलं भोक साधारण १.२ मिलीमीटर असतं. तिचं तिरकं टोक कानशीने किंवा जाड पॉलिशपेपरवर घासून सपाट करा, आतला कीस झटकून टाका. टोकदार सुई तशीच वापरू नका, हातात घुसते आणि पिनेवर ओरखडा पाडते.

आता प्लग टेबलाच्या कडेला डाव्या हाताने घट्ट धरा, पिना वरच्या बाजूला. नळी वाकलेल्या पिनेवर टेकवा आणि मुळापर्यंत हळू सरकवा. पिन पार आडवी असेल तर आधी लाकडी टूथपिकने खालून थोडी उचलून घ्या, नळी जाण्यापुरतीच. नळी मुळाला टेकली की ज्या बाजूने पिन पडली त्याच्या अगदी उलट दिशेने एका संथ झोकात उभी करा. मागे-पुढे हलवून "सेट" करायचं नाही, त्या हलवण्यानेच धातू थकतो. नळी काढा, बाजूने बघा, गरज असेल तर एकदाच अगदी थोडं सुधारा. पिनेच्या मुळाशी चीर दिसली, पिन उभी राहिली तरी बोटाच्या हलक्या स्पर्शाने डुलली, किंवा मुळाचं प्लास्टिक उललं असेल, तर त्या केबलचा नाद सोडा.

सॉकेटमध्ये ढकलून पिन आपोआप सरळ होईल, हा उपाय अनेकांनी केलेला मी पाहिलाय. थोडी तिरकी पिन कधीकधी तशी जातेही. पण ती गेली नाही तर सॉकेटमधलं पातं वाकतं, आणि स्वस्त केबलचं दुखणं महाग कॅमेऱ्याला लागतं.

सरळ केलेला प्लग पहिल्यांदा लावताना सॉकेटची खाच बघून, जीभ समोर आणून, न फिरवता सरळ आत द्या. जोर लागतोय असं वाटलं की बाहेर काढा आणि पुन्हा बघा.

पाचवी तपासणी: मल्टिमीटर

केबल दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा आणि मीटर बीपवर लावा. साध्या एस-व्हिडिओ केबलमध्ये १ ला १, २ ला २, ३ ला ३, ४ ला ४ असं सरळ जोडलेलं असतं. प्रत्येक पिनेला पलीकडच्या त्याच पिनेशी बीप मिळायला हवी, आणि ३ किंवा ४ ला दुसऱ्या कुठल्याही पिनेशी किंवा घेराशी मिळता कामा नये. १ आणि २ एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या तर घाबरू नका, पुष्कळ केबलींमध्ये तसं असतं. तपासताना केबल प्लगजवळ हलवत राहा. बीप तुटत असेल तर वायर आतून मोडली आहे. मोल्ड केलेला प्लग उघडता येत नाही, आणि नवा प्लग सोल्डरचे टाके मारून लावायचा तर पिना इतक्या जवळ असतात की सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं तरी प्लास्टिक वितळून पिन सरकते. पुष्कळ वर्षं टाके मारणाऱ्याला जमेल. बाकीच्यांनी नवी केबल घ्यावी, ती काहीशे रुपयांत मिळते.

मीटरला काय कळत नाही, ते ठाण्याच्या एका जोडप्याच्या कॅमेऱ्यावर चांगलं दिसलं. हाय-एटचा कॅमेरा, मुलीच्या बारशाची कॅसेट, चित्र ब्लॅक अँड व्हाइट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर रंग होता, पिवळ्या वायरने कार्डावरही रंग येत होता, सॉफ्टवेअरमध्ये S-Video निवडलेलं होतं. केबल त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून तपासून आणली होती, चारही पिनांना बीप. "केबल ओके आहे काका, कार्डच गेलंय," असं म्हणत नवं कार्ड मागवायची तयारी झाली होती. केबल खरंच ओके होती, मीटरच्या दृष्टीने. पण प्लग बाजूने धरल्यावर एका टोकाची ४ नंबरची पिन इतरांपेक्षा खाली दिसली. मीटरचा प्रोब कुठेही पोचतो, सॉकेटमधलं पातं पोचत नाही. प्लग सॉकेटमध्ये ठेवून एका बाजूला जरा रेटला की क्षणभर रंग यायचा, सोडला की जायचा. मागे सरकलेली पिन ओढून पुढे आणता येते, पण पुढच्या वेळी प्लग लावला की ती पुन्हा मागे जाते, कारण तिला धरणारं प्लास्टिकच सैल झालेलं असतं. नवी केबल लावली, बारसं रंगीत उतरलं, जुनं कार्ड अजून त्यांच्याकडे चालू आहे.

केबल नवी लावूनही लक्षण तसंच राहिलं तर कार्डाचं सॉकेट मोजा. कार्ड यूएसबीतून काढा, कुठलीही वायर लावलेली नको. मीटर ओहमवर ठेवा, एक प्रोब यूएसबी प्लगच्या धातूच्या घेराला आणि दुसरा एकेक भोकात, बारीक तारेचा तुकडा घालून. ग्राउंडची दोन भोकं जवळपास शून्य दाखवतील. उरलेली दोन, वाय आणि सी, बहुतेक कार्डांवर ७५ ओहमच्या आसपास दाखवतात, कारण व्हिडिओच्या वायरीला शेवटी तेवढा भार द्यावा लागतो. एक ७५ आणि दुसरं मोकळं दाखवत असेल, तर त्या भोकाचं पातं किंवा मागचा टाका सुटलेला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही मोकळी दाखवली तर लगेच निष्कर्ष काढू नका. काही कार्डांत तो रेझिस्टर कपॅसिटरच्या पलीकडे असतो आणि मीटरला दिसत नाही.

सरकत्या पट्ट्याचं लक्षण असेल तर मीटर काढण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, आणि कॅमेराही बॅटरीवर. पट्टा गेला तर तो पुरवठ्याचा दोष आहे. पिनांना दोष देऊ नका.

इथे थांबा

कार्डाच्या सॉकेटचा टाका सुटलेला असेल आणि तुम्हाला टाके मारायची सवय असेल, तर तो पुन्हा मारून बघायला हरकत नाही. कार्ड यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतं, आणि बिघडलंच तर नवं मिळतं. कॅमेरा मात्र उघडू नका. हाय-एटच्या हँडीकॅममध्ये एस-व्हिडिओचं सॉकेट छोट्या बोर्डावर बसवलेलं असतं आणि तिथपर्यंत जायला नाजूक फ्लेक्स पट्ट्या सोडवाव्या लागतात. एक पट्टी फाटली की कॅमेरा कॅसेट वाजवण्याच्याही कामाचा राहत नाही. असे कॅमेरे आता नवे बनत नाहीत, आणि तुमच्या कॅसेटी वाजवायला तोच एक आहे. पिवळं आउटपुट चालत असेल तर आधी त्याने सगळ्या कॅसेटी उतरवून घ्या, थोडी कमी स्वच्छ का होईना, मग कॅमेरा दुरुस्तीला द्या.

व्हीसीआरही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोक्याचा व्होल्टेज राहतो. आणि तपासणीसाठी जुना डबा टीव्ही जोडत असाल तर त्याच्या मागचं झाकण काढायचा विचारही नको.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना नुसतं "रंग येत नाही" सांगितलं तर तो कॅमेऱ्याचं हेड साफ करून परत देईल, आणि रंग येणारच नाही. त्याला तीन गोष्टी सांगा: कॅमेऱ्याच्या पडद्यावर रंग आहे, पिवळ्या आउटपुटला रंग आहे, आणि नवी केबल लावूनही एस-व्हिडिओला नाही. सोबत ती नवी केबलही द्या, म्हणजे तो आपल्या दुकानातली वाकडी पिन त्या सॉकेटमध्ये घालणार नाही.